झालरीचे नग

कॉलनीत तिला सगळे काकू म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही काकूच म्हणायची. नवरा बसवर कंडक्टर होता, निवृत्त झाला तरी कंडक्टरच राहिला. सकाळी आठ वाजता खांद्याला मोठी कापडी झोळी अडकवून तो चार इमारतींचे जिने चढायला निघायचा आणि प्रत्येक दाराशी "चला, कपडे कपडे" अशी हाळी द्यायचा. लहान पोरं आतून ओरडायची, "काका, सुटे नाहीत!" तोही लगेच म्हणायचा, "मग उतरा खाली."

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली इस्त्रीची. मधोमध कमरेइतकं उंच लाकडी टेबल, त्यावर जुन्या घोंगडीच्या चार घड्या आणि वर ताणून बांधलेली सुती चादर. ही चादर दर सोमवारी बदलायची, कारण चादरीवरचा डाग दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर जायला घामाचा एक थेंब पुरतो. भिंतीला लागून लोखंडी रॅक. रॅकच्या चार फळ्या म्हणजे चार इमारती. प्रत्येक गठ्ठ्याला सेफ्टी पिनेने लावलेली चिठ्ठी: घर नंबर आणि नग. नग दारातच, देणाऱ्यासमोर मोठ्याने मोजायचे, ही कंडक्टरची शिस्त. "तीस वर्षं माणसं मोजली," तो म्हणायचा, "शर्ट तर हलतही नाहीत."

काकूची तीस नाही, पण बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात गेली होती. फिनिशिंग विभागात, वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर उभं राहून दिवसाला साडेतीनशे शर्ट. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. मालकाने हिशोब चुकता केला, एक भेटवस्तू दिली, भिंतीवरचं घड्याळ. घरी येऊन तिने ते लावलं आणि दोन महिने त्याच्याकडे बघत बसली. मग एक दिवस शेजारणीने चार शर्ट आणून ठेवले, "बघा ना जमतंय का" म्हणून. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

दर एकच होता, कुठलाही नग आठ रुपये. शर्ट असो, पँट असो, पलंगाची चादर असो. "लोकांना लक्षात राहतं," असं काकू म्हणायची, आणि ते खरंही होतं. धुवायचे कपडे असतील तर ते कंडक्टर आठवड्यातून दोनदा मुख्य रस्त्यावरच्या लॉन्ड्रीत पोचवायचा, तिसऱ्या दिवशी आणायचा. त्यात नगामागे दोन रुपये सुटायचे. इस्त्रीचं मात्र आज सकाळी दिलं की उद्या संध्याकाळी घरपोच. कुणी आजच मागितलं तर आज. कुणी पहाटे मागितलं तर पहाटे. काकूला नाही म्हणता येत नसे. कारखान्यात बावीस वर्षांत नाही म्हणायची वेळच आली नव्हती, तिथे कुणी विचारतच नसे.

बी इमारतीत, काकूच्याच जिन्याने तिसऱ्या मजल्यावर एक बाई एकटीच राहायची, पस्तिशीची, उंच, कमी बोलणारी. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत सिक्युरिटी गार्ड होती. कॉलनीत तिला गार्डताई म्हणत. फिकट निळा शर्ट, गडद निळी पँट, खांद्यावर पट्ट्या. दोनच जोड होते, म्हणून तिचं सगळं काम वेळेवर चालायचं: एक अंगात, एक काकूकडे. तिची पँट काकू विशेष लक्ष देऊन करायची. गडद कापडावर इस्त्री सरळ फिरवली की चमक येते, म्हणून वर ओलं फडकं टाकून, वाफेवर. आणि घडी अशी की विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याच्या दोरीसारखी सरळ.

एका मंगळवारी गार्डताई स्वतः खाली आली.

"काकू, शनिवारी तपासणी आहे. एजन्सीचे साहेब येणार आहेत. आतल्या डेस्कवर एक जागा निघालीय, खुर्चीची. माझं नाव आहे त्यात."

"म्हणजे बसून काम?"

"बसून. सात वर्षं उभी आहे मी." ती किंचित हसली. "यावेळी गुरुवारी ड्यूटी संपली की दोन्ही जोड तुमच्याकडेच ठेवते, शुक्रवारी मला सुट्टी आहे. शनिवारी सकाळी सहाला मिळतील ना? पावणेसातची बस असते."

"सहा म्हणजे सहा," काकू म्हणाली. "कंडक्टर दारात आणून देईल."

हे मंगळवारचं. बुधवारी दुपारी ए इमारतीतला केटरर आला. समारंभांना जेवण पुरवण्याचा त्याचा धंदा होता, माणूस गोड बोलणारा. त्याच्या मागे टेम्पो आणि टेम्पोत चार मोठी पोती.

"काकू, खुर्च्यांची कव्हरं आहेत. धुऊन आणलीत, नुसती इस्त्री. एकशेसाठ नग. शनिवारी बारा वाजता हवीत, संध्याकाळी हॉल आहे. जमलं तर दर शनिवारी तुमचंच काम."

काकूने डोक्यात गणित केलं. एका शर्टाला चार मिनिटं लागतात. एकशेसाठ म्हणजे साधारण अकरा तास. आज संध्याकाळी, उद्या, परवा, थोडं थोडं. आणि एकशेसाठ गुणिले आठ.

"कापड कसलं आहे हो भाऊ?"

"कापड काय, चौकोनी तर असतं. पिशवीच समजा."

पिशवी समजून तिने पोती आत घेतली. नंतर कितीतरी दिवस तिला हेच बोचत राहिलं. कारखान्यात नवीन डिझाइन आलं की पहिले पाच नग घड्याळ लावून व्हायचे. सुपरवायझर शेजारी उभा राहून मिनिटं लिहायचा, मगच त्या डिझाइनचा दिवसाचा आकडा ठरायचा. ही गोष्ट तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, पोतं उघडूनही बघितलं नाही.

उघडलं तेव्हा पाच वाजले होते. कव्हर पिशवीसारखं होतंच, पण खाली चहूबाजूंनी हातभर झालर, चुण्याचुण्यांची, आणि पाठीला गाठ मारायचे दोन लांब बंद. पोत्यात दाबून भरलेली, त्यामुळे चुण्या आडव्यातिडव्या मोडलेल्या. आधी पाणी शिंपडून, गुंडाळून, अर्धा तास मुरवायचं. मग इस्त्रीचं टोक प्रत्येक चुणीत घालायचं, एक चुणी, दुसरी चुणी, फिरवायचं, पुन्हा. आणि झाल्यावर घडी घालता येत नाही, घडी घातली की झालर मेली. टांगावं लागतं नाहीतर पसरावं लागतं.

पहिल्या तासाच्या शेवटी सहा कव्हरं झाली होती.

कंडक्टरने दारातून पाहिलं आणि बोटं मोजली.

"सव्वीस तासांचं काम आहे गं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"परत देऊ या का अर्धी?"

"घेतलंय ना आता."

गुरुवारी रोजचे सत्तर नग होतेच. ते सोडून कव्हरं. शुक्रवारी पुन्हा रोजचे नग, पुन्हा कव्हरं. दोरीवर, खुर्च्यांवर, आतल्या खोलीत पलंगावर, कपाटाच्या दाराला, जिथे जागा मिळेल तिथे पांढरी कव्हरं लटकली. घर लग्नाच्या मांडवासारखं दिसायला लागलं आणि माणसं मांडवात हरवल्यासारखी. शुक्रवारी जेवणं उभ्याने झाली. बऱ्याच घरांचे गठ्ठे संध्याकाळी पोचायचे ते पोचले नाहीत. कंडक्टर दारोदार "उद्या नक्की" सांगत फिरला. तीस वर्षांत त्याची गाडी उशिरा आली की तो प्रवाशांना कारण सांगायचा. आता कारण सांगायलाही लाज वाटत होती.

शनिवारी पहाटे साडेचारला काकू उठली तेव्हा पन्नास कव्हरं बाकी होती. पाय सुजले होते. तिने कव्हर घेतलं, दुसरं घेतलं. हात चालत राहिले. सहा वाजले ते तिला कळलंच नाही. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्यावर एक कव्हर टांगलेलं होतं.

सव्वासहाला दार वाजलं. गार्डताई दारात उभी होती, घरातल्या कपड्यांत, केस बांधलेले, बूट पॉलिश केलेले. बुटांवर घरातला गाऊन.

"अगं बाई."

"झाले नाहीत?"

"झालेच समज. पाच मिनिटं."

पण गठ्ठा सापडेना. बी इमारतीच्या फळीवर कव्हरं रचली होती, गठ्ठे कंडक्टरने खाली टेबलामागे सरकवले होते, त्यावर पोतं टाकलेलं होतं. कंडक्टर गुडघ्यावर बसून चिठ्ठ्या वाचायला लागला. चष्मा आतल्या खोलीत होता. गार्डताई हातातल्या मोबाइलवर वेळ बघत होती. सहा पस्तीसला गठ्ठा मिळाला.

शर्ट तीन मिनिटांत झाला. पँटला ओलं फडकं घ्यायला वेळ नव्हता. काकूने खिसे उलटे करून दाबायची पायरीही सोडली. शिवणीवर शिवण नीट बसली नव्हती हे तिला इस्त्री खाली टेकवतानाच कळलं, पण तोवर इस्त्री टेकली होती. एक घडी पडली, ती चुकीची. दुसरी पाडली, ती बरोबर. पहिली गेली नाही. आणि मांडीवर, जिथे खिशाचं जाड कापड आत होतं, तिथे पैशाएवढी चमक आली.

"काळोखात दिसणार नाही," काकू म्हणाली, आणि म्हणताना तिलाच कळलं की तपासणी काळोखात होत नाही.

गार्डताई कपडे घेऊन जिन्याकडे पळाली. दहा मिनिटांनी गेटमधून बाहेर पडताना दिसली. बस तोवर गेली असणार. काकू टेबलाशी परत आली. चाळीस कव्हरं बाकी होती. ती तिने संपवली, बाराऐवजी दीड वाजता. केटररने कपाळाला आठ्या घातल्या, पण पैसे पूर्ण दिले. "काम छान आहे हो काकू," तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी दोनशे. फक्त वेळेचं बघा जरा."

रविवारी सकाळी गार्डताई आली ती उरलेला जोड घ्यायला. इस्त्री न झालेला जोड.

"करून ठेवलाय गं," काकूने पुढे केला. तिने तो शनिवारी दुपारीच केला होता, ओल्या फडक्यावर, दोनदा.

गार्डताईने गठ्ठा घेतला, चार नगांचे बत्तीस रुपये टेबलावर ठेवले.

"ते नको. काय झालं काल?"

"परत पाठवलं. बाहेरूनच. वीस मिनिटं उशीर, आणि पँट बघितली साहेबांनी. दिवसाचा पगारही गेला."

"आणि ती जागा?"

"ती दुसरीला दिली. चांगली आहे मुलगी." हे तिने खरंच चांगुलपणाने सांगितलं. "काकू, आता कपडे मी घरीच करीन. राग नाही. पण मला रोज सकाळी असं वाटायला नको, की मिळतात का नाही मिळत."

ती गेली. बत्तीस रुपये टेबलावर तसेच राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकूला वाटलं. शिवीला उत्तर देता येतं.

सोमवारी तिने एक गोष्ट केली जी कुणालाच, कंडक्टरलाही, पटली नाही. तरी तो बरोबर गेला. दोघं बस पकडून गार्डताईच्या ऑफिसच्या इमारतीत गेले, त्या आठवड्यात तिची सुट्टी सोमवारी आली होती ते बघून. एजन्सीचे साहेब तिथेच होते, एका छोट्या केबिनमध्ये, समोर हजेरीचं रजिस्टर. काकूने सरळ सांगितलं: चूक माझी, कपडे मी वेळेवर दिले नाहीत, घडी मी चुकवली, तिचा काही दोष नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"बाई, कपड्याला इस्त्री आहे की नाही, आणि माणूस वेळेवर आहे की नाही, एवढंच मी बघतो. का नाही, ते मी बघायला लागलो तर मला रोज दोनशे कारणं ऐकावी लागतील. आणि सगळी खरी असतील."

बाहेर उभ्या असलेल्या दोन गार्ड मुली हे ऐकत होत्या.

मंगळवारी संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर गार्डताई खाली आली ती पहिल्यांदा चिडलेली.

"मला विचारायचं तरी होतं. तिथे सगळ्या माझ्यावर हसतायत. मी इस्त्री बाहेर देते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथल्या निम्म्या बायका पहाटे उठून स्वतः करतात. आता म्हणतात, मोठी राणी आहे."

काकू एक चूक निस्तरायला गेली आणि दुसरी करून आली. "चुकलं माझं," एवढंच म्हणाली. गार्डताई जिना चढून गेली. त्यानंतर तीन महिने दोघींचं बोलणं म्हणजे येता-जाता मान हलवणं.

त्या रात्री जेवताना कंडक्टर म्हणाला, "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचारा."

"आमच्याकडे पहिल्या थांब्यावर उतरणारा आणि शेवटच्या थांब्यावर उतरणारा, दोघांना एकच तिकीट असतं का?"

काकूने घास ताटात परत ठेवला.

"तू सगळ्यांना आठ रुपयांत फिरवतेस. रुमालवालाही आठ, चादरवालाही आठ. चादरवाल्याला कळलंय, म्हणून तो चादरीच देतो. आणि दुसरं, गाडीत जागा पन्नासाची असेल तर एक्कावन्नाव्याला खालीच ठेवायचं असतं. तो शिव्या देतो, देऊ दे. वर घेतला तर सगळेच लटकतात."

"तुम्ही ठेवत होतात का खाली?"

"नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "म्हणूनच तर माझी गाडी रोज उशिरा असायची."

दुसऱ्या दिवशी काकूने घड्याळ भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं. कंडक्टर शेजारी वही घेऊन बसला, सुपरवायझरच्या रुबाबात, कानाला पेन्सिल लावून. पूर्ण बाहीचा शर्ट: आधी कॉलर, टोकांकडून आत, मग खांदा, मनगटपट्ट्या, बाह्या, पुढचे दोन भाग, शेवटी पाठ. चार मिनिटं. अर्ध्या बाहीचा साडेतीन. पँट पाच. लहान मुलांचा कपडा अडीच. पलंगाची मोठी चादर सात. शाळेचा चुण्यांचा स्कर्ट नऊ. प्रत्येक गोष्ट तीनदा, आणि तीनपैकी मधली वेळ लिहायची. सर्वांत जलद वेळ लिहू या, असं कंडक्टरने सुचवलं तर काकू म्हणाली, "जलद वेळ दमल्यावर येत नाही. जी दुपारी चार वाजता येते ती लिहा."

मग तिने ठरवलं, मिनिटाला दोन रुपये. त्यात वीजही आली, जिनेही आले, पायही आले. शर्ट आठच राहिला. अर्ध्या बाहीचा सात, पँट दहा, लहान मुलांचं पाच, चादर चौदा, चुण्यांचा स्कर्ट अठरा. दिवसाला नव्वद नगांच्या वर घ्यायचे नाहीत. कपडे सकाळी आठ ते दहा गोळा होणार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा ते आठ परत. ए आणि बी सहा ते सात, सी आणि डी सात ते आठ. तातडीचे रोज फक्त पाच नग, दीडपट दराने, तेही सकाळी सांगितले तर. पहाटे काहीच नाही. हे सगळं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावलं. खालच्या ओळीत कंडक्टरला "आपला प्रवास सुखाचा होवो" लिहायचं होतं. काकूने लिहू दिलं नाही.

कॉलनीत दोन दिवस तोच विषय. "काकूंचं तिकीट वाढलं" असं म्हणून लोक हसले, पण झोळीत चादरी पडायच्या बंद झाल्या. ज्यांच्या घरात लहान मुलं होती ती मात्र खूश झाली. डी इमारतीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पुठ्ठ्यासमोर चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"माझा शर्ट पूर्ण बाहीचा आहे, पण मी बाह्या दुमडून घालतो. मग कोपरापर्यंतच करा आणि सात घ्या."

"करते," काकू म्हणाली. "पण एखाद्या दिवशी कुणी पाहुणे आले तर बाही खाली सोडू नका."

प्राध्यापकांनी विचार केला आणि आठ रुपये दिले.

अकरा घरं सुटली. मोबाइलवरून बोलावली की कपडे न्यायला येणारी एक गाडी कॉलनीत फिरायला लागली होती, काही तिच्याकडे गेली, काहींनी इस्त्री विकत घेतली. काकूला ते आकडे पाठ होते, कोणतं घर, किती नग. रॅकवरची त्यांची जागा रिकामी दिसली की तिला ती ओळखू यायची. चार घरं नंतर परत आली. सात नाही आली.

केटरर आला तो पुठ्ठा वाचता येत नसल्यासारखा सरळ बोलायला लागला. "काकू, दोनशे आहेत यावेळी."

"भाऊ, झालरीचं कव्हर नऊ मिनिटांचं आहे. अठरा रुपये. आणि आठवड्याला साठच्या वर होणार नाहीत."

"अठरा? एवढ्याला तर नवीन शिवून मिळतील."

"शिवून घ्या ना. पण बिनझालरीची शिवा. ती मी दहा रुपयांत करीन."

तो हसला नाही, पोती परत टेम्पोत गेली. काकूने टेम्पो वळेपर्यंत पाहिलं. दर शनिवारचं काम होतं ते. त्या पैशात वर्षाअखेरीला नवीन वाफेची इस्त्री आली असती. आतून तिला वाटत होतं, हाक मारावी. शेजारी उभ्या असलेल्या कंडक्टरने आत जाऊन पुढचा गठ्ठा टेबलावर आणून ठेवला. दीड महिन्याने केटरर पुन्हा आला. त्याने खरोखर सगळ्या झालरी कापून टाकल्या होत्या. आणलेली कव्हरं साठच होती. "पाहुण्यांच्या पायात अडकायच्याच त्या," तो म्हणाला, जणू कल्पना त्याचीच होती.

या सगळ्यात गार्डताई मात्र दिसत राहायची. सकाळी साडेसहाला गेटमधून बाहेर पडताना काकूच्या खिडकीसमोरूनच जायला लागायचं. काकू चहाचा कप घेऊन उभी असायची आणि तिची नजर आपोआप पँटवर जायची. घडी गुडघ्यापर्यंत सरळ यायची आणि तिथून बाहेर वळायची. शिवणी जुळवण्याऐवजी ती कमरेच्या पट्ट्यावरून घडी मारत असणार. एक वाक्य सांगायचं होतं, पायाच्या आतली आणि बाहेरची शिवण एकावर एक ठेव, वरचं आपोआप बसतं. ते वाक्य काकूच्या ओठावर तीन महिने होतं. पण सांगितलं तर तेही विचारल्याशिवाय गेल्यासारखंच झालं असतं. एकदा असं गेल्याचं काय झालं ते तिने बघितलं होतं. कंडक्टर म्हणाला, "मी सांगू का?" तर म्हणाली, "तुम्ही तर मुळीच नको."

घडीवरून तिला बाकीचंही कळत होतं. कधी पँट बिनघडीची असायची, म्हणजे आदल्या दिवशी डबल ड्यूटी झाली. कधी शर्टाची एकच बाही नीट, म्हणजे मध्येच वीज गेली असावी किंवा ताकद संपली असावी. बावीस वर्षं तिने हजारो कपडे केले होते, पण कारखान्यात कपडा कुणाचा नसायचा. तो खोक्यात जायचा आणि खोकं गाडीत. इथे प्रत्येक शर्टाच्या आत दुसऱ्या दिवशी एक माणूस असायचं, जिन्यावर भेटायचं. हे तिला सहा वर्षांत कळलं होतं असं तिला वाटत होतं. खरं कळलं ते खिडकीत उभं राहून.

चौथ्या महिन्यात एका बुधवारी सकाळी नऊ वाजता दार वाजलं. गार्डताई हातात पिशवी घेऊन उभी होती. आधी ती पुठ्ठ्यावरचं वाचत होती, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत.

"काकू, माझी ड्यूटी बदललीय. आता दुपारी दोनची. सकाळी झोप होते, पण इस्त्री होत नाही, मनगट दुखतंय. उद्या सकाळी दहापर्यंत दोन जोड मिळतील?"

काकूने तिच्याकडे पाहिलं. तोंडात आलं होतं, देते की. उद्या सकाळी दहा काय, आज रात्रीच देते, आणि पैसे नकोत. रॅककडे पाहिलं. नव्वदपैकी शहाऐंशी झाले होते, तातडीचे पाचही गेले होते.

"नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी नाही जमणार. उद्या संध्याकाळी सहा ते सात, बीची वेळ तीच आहे."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचा आवाज परका वाटला. आत कंडक्टरने चिठ्ठी लिहिता लिहिता हात थांबवला.

गार्डताईने बोटांवर दिवस मोजले. उद्याची सकाळ ती मनात जुळवत असावी. नवीन मिळालेला तिसरा जोड घरी होता, तो आज घालून रात्री धुतला की उद्याही निघेल, परवासाठी हे.

"उद्या संध्याकाळी सहा ते सात," तिने परत म्हटलं.

"तू ड्यूटीवर असशील तेव्हा. शेजारी ठेवायचे?"

"शेजारच्या आजींकडे ठेवा. मी त्यांना सांगते." तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. "माझी पँट गुडघ्यापाशी वाकडी होते, काकू. का होते तेही सांगा कधीतरी. रविवारी घरी असते मी."

"शिवण," काकू म्हणाली, आणि तिच्याकडे तीन महिन्यांचं साठलेलं ते वाक्य होतं तेवढं तिने पूर्ण सांगितलं. गार्डताईने मान हलवली, हाताने हवेतच एक शिवण दुसरीवर ठेवून पाहिली.

कंडक्टर चिठ्ठ्या घेऊन बाहेर आला आणि नग मोजायला लागला, मोठ्याने, तिच्यासमोर. दोन शर्ट, दोन पँट, चार. एकूण नव्वद. त्याने झोळी खुंटीला अडकवली आणि पुठ्ठ्यापाशी जाऊन "आजचं पूर्ण" ही पाटी उलटी होती ती सरळ केली.

गार्डताई गेल्यावर काकूने इस्त्रीचं बटण चालू केलं. आधी हलक्या उष्णतेचे कपडे घ्यायचे, इस्त्री तापत जाईल तसे सुती. तिने पहिला गठ्ठा ओढला, चिठ्ठी वाचली आणि फडकं पाण्यात बुडवून पिळलं.